दहीभात नव्हे, दूधभातच तो!

आधी गुपित फोडून टाकतो. डब्यातल्या चांगल्या दहीभातात दही कमी असतं आणि दूध जास्त. दह्यानं फक्त सुरुवात करून द्यायची, पुढचं काम दूध करतं. पणदऱ्याकडे उन्हाळ्यात सकाळी सातला रानात निघणाऱ्या माणसाच्या डब्यात जो दहीभात जातो, तो निघताना दहीभात नसतोच. तो असतो दूध घातलेला गुरगुट्या भात आणि त्यात दोन चमचे विरजण. दहीभात तो होतो वाटेत आणि बांधावर. बारा-एक वाजता डबा उघडला की मऊ, गोडसर, चमचा उभा राहील असा.

घरी उलटं होतं. वाटीभर आंबट दही भातावर ओतलं, डबा बंद केला, आणि दुपारी कडेनं पिवळट पाणी, मध्ये रवाळ गोळा. दह्यातले जंतू डब्यातही गप्प बसत नाहीत. ते दुधातली साखर खातात आणि आंबटपणा सोडतात. आधीच पुरतं लागलेलं दही घातलं की पाच तासांनी ते आंबटढोण होणारच. दूध घातलं तर तेच पाच तास त्याच्या विरजण्यात जातात.

म्हणून प्रमाण चवीवर नाही, घड्याळावर ठरवायचं. एक वाटी तांदळाला तीन वाट्या पाणी घालून कुकरमध्ये भात आसट करा. लगेच खायचा असेल तर दीड वाटी ताजं दही आणि एक वाटी दूध. दोन-तीन तासांनी खायचा असेल तर अर्धी वाटी दही आणि दीड वाटी दूध. पाच-सहा तासांनी, तेही वैशाखाच्या उन्हात, तर दोन वाट्या दूध आणि फक्त दोन मोठे चमचे दही. थंडीत मात्र दोन चमच्यांनी भागत नाही. तेव्हा पाव वाटी घ्या, नाहीतर दुपारी डब्यात नुसता दूधभात सापडेल आणि वर मिरचीची फोडणी, म्हणजे आनंदच.

दूध कुठलं, हा प्रश्न या भागात विचारायचा नसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आहे, उसाचं वाढं आहे, म्हणून गोठ्यात काळी-पांढरी संकरित गाय आहे. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या काट्यावर ‘साडेतीन–साडेआठ’ हे आकडे घोकले जातात: साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ. गायीच्या या दुधाचं दही मऊ लागतं, भातात विरघळतं, पण पातळ असतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळजवळ दुप्पट. त्याचं दही घट्ट, पण गार झाल्यावर भात थापल्यासारखा बसतो. माझं मत विचाराल तर विरजण म्हशीच्या दह्याचं आणि दूध गायीचं.

दूध कुठलंही असो, तापवलेलं हवं. नीरसं दूध नको, आणि कारण नुसतं जंतूंचं नाही. दूध चांगलं उकळलं की त्यातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि दह्याची जाळी बांधणाऱ्या केसीनला चिकटतात. ती जाळी पाणी धरून ठेवते. न तापवलेल्या दुधाचं दही म्हणूनच लवकर पाणी सोडतं.

आता सगळ्यात जास्त दहीभात जिथे बिघडतो ती जागा: घाई. वाफाळत्या भातावर दही पडलं की दोन अपघात एकदम होतात. साठ अंशांच्या आसपास विरजणाचे जंतू मरतात, आणि दह्यातली प्रथिनं आकसून पाणी बाहेर ढकलतात. मग तो रवाळपणा चमच्यानं कितीही फेटा, जात नाही. उपाय माझ्या आत्याचा. भात गरम असतानाच पळीच्या पाठीनं घोटायचा, कारण गार झालेलं शीत मोडत नाही, नुसतं तुटतं. मग परातीत पसरायचा. मधोमध बोट खुपसून मनात दहा मोजायचे. बोट सुखानं राहिलं तर आधी कोमट दूध, आणि ते मुरल्यावर दही. मीठ सगळ्यात शेवटी.

आणि हो, कालवताना भात खिरीइतका सैल दिसला पाहिजे. पाहणाऱ्याला वाटावं की बिघडला. गार होताना तांदळातला स्टार्च पाणी पितो आणि तासाभरात तोच भात बरोबर होतो. आत्ताच बरोबर दिसला, तर दुपारी वडी पाडावी लागेल. फ्रिजमध्ये तर शितं आणखी कडक होतात. फ्रिजमधला दहीभात काढून अर्धा तास बाहेर ठेवा आणि दोन चमचे कोमट दूध घालून हलवा.

तांदूळ इंद्रायणी. आंबेमोहोराचं रक्त असलेला, मावळात वाढलेला, चिकट. पाहुण्यांसाठी राखलेला सुटसुटीत बासमती इथे कुचकामी.

फोडणीतली गंमत आल्याची आहे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. गरम दुधात आल्याचा रस टाकला तर ते दूध घट्ट करतं, चीनच्या दक्षिण भागात तशी एक मिठाईच करतात. आपल्या डब्यात मात्र तेच विकर चार तास दह्याची जाळी कुरतडतं आणि भात कडवट करतं. म्हणून आलं किसून कच्चं घालू नका, फोडणीत परता. उष्णतेनं विकर मरतं, वास राहतो.

बाकी फोडणी साधी: मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता आणि सांडगी मिरची. मिरची अख्खी ठेवा. तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही. मोडली की सगळं तेल तिखट झालंच म्हणून समजा. पोरांसाठी मिरची तळून बाजूला काढायची आणि ज्याला हवी त्यानं चुरून घ्यायची. गार खायचा असेल तर तूप नको. ते थिजतं आणि टाळूला चिकटतं. फोडणी कोमट झाल्यावरच भातावर ओता, नाहीतर इतकं सांभाळलेलं दही कडेला फाटतं.

वरून इंदापूरकडच्या डाळिंबाचे दाणे, पण खाताना. काकडीही खाताना. आधी घातली की ती मिठाशी संगनमत करून पाणी सोडते.

हे सगळं नवं वाटत असेल तर पाणिनीकडे जा. पदार्थ आणि त्यात कालवायचं व्यंजन यांचा समास कसा होतो, हे सांगणाऱ्या त्याच्या सूत्राला टीकाकारांनी जे उदाहरण दिलं आहे ते आहे ‘दध्योदन’, म्हणजे दहीभात. तेलुगू घरांतलं ‘दद्दोजनम्’ हे त्याच शब्दाचं रूप. आपण मात्र तोच पदार्थ एकीकडे नैवेद्याला ठेवतो आणि दुसरीकडे त्याचाच उतारा करून तिठ्यावर टाकतो.

एक इशारा तेवढा घ्या. शिजलेला भात नुसता तासन् तास बाहेर ठेवू नका. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट भात त्यांना आवडतो. भात कोमट झाला की लगेच दूध-दही घाला, आणि सकाळचा डबा दुपारीच संपवा. रात्रीपर्यंत उरला, तर तो म्हशीला.