बत्तीस फ्रेममधली कुत्र्याची चाल

रमतगमत चालणाऱ्या कुत्र्याचे चार पाय एकामागून एक टेकतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. गाय, घोडा, मांजर यांचीही सावकाश चाल अशीच असते. एडवर्ड मायब्रिज यांच्या १८८७ सालच्या ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या छायाचित्रसंग्रहात हा क्रम टप्प्याटप्प्याने दिसतो आणि अ‍ॅनिमेटर आजही ती छायाचित्रे समोर ठेवून काम करतात.

अ‍ॅनिमेशनमध्ये चालीचे एकच आवर्तन तयार करून ते पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यालाच वॉक सायकल म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या निवांत चालीला ३२ फ्रेमचे आवर्तन शोभते. ३२ चे चार समान भाग पडतात, म्हणून हिशेबही सोपा होतो. डावा मागचा पाय पहिल्या फ्रेमला टेकतो, डावा पुढचा नवव्या, उजवा मागचा सतराव्या आणि उजवा पुढचा पंचविसाव्या फ्रेमला. तेहतिसावी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. ती आवर्तनात ठेवली तर तेच चित्र दोनदा दिसते आणि दर फेरीला चाल किंचित अडखळते.

काम सुरू करताना कुत्र्याकडे एकामागे एक चालणारी दोन माणसे म्हणून पाहावे. पुठ्ठ्याचे माणूस पुढे निघते, खांद्याचे माणूस आठ फ्रेमनंतर तेच करते. म्हणून पहिल्या फ्रेमला मागचे पाय कैचीसारखे फाकलेले असतात, तर पुढच्यांपैकी एक सरळ उभा असतो आणि दुसरा उचललेला पाय त्याच्या बाजूने पुढे सरकत असतो. नवव्या फ्रेमला नेमके उलट. या दोन मुख्य पोझ, आणि सतराव्या व पंचविसाव्या फ्रेमला डावे-उजवे बदलून त्यांचीच पुनरावृत्ती, एवढी चार चित्रे पक्की झाली की चालीचा सांगाडा उभा राहतो. मधली चित्रे त्यानंतरच काढावीत. आठ फ्रेमचे हे अंतर चुकले तर चालच बदलते. अंतर शून्य झाले की एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात आणि कुत्रा उंटासारखा डुलतो. ते सोळा झाले की कोपऱ्यातले पाय जोडीने पडतात, म्हणजे ती दुडकी चाल होते.

वजन दिसते ते उंचीच्या फरकात. पाय टेकल्यावर लगेच त्यावर भार येतो, म्हणून पुठ्ठा चौथ्या फ्रेमच्या आसपास सर्वांत खाली जातो आणि बाराव्याला सर्वांत वर येतो. खांद्याचे चक्र आठ फ्रेम मागे असल्यामुळे पुठ्ठा खाली असताना खांदा वर असतो. पाठीची ही हलकी सी-सॉ हाच चौपायाच्या चालीचा जीव आहे. मात्र ती घड्याळासारखी अचूक ठेवली तर कुत्रा चावीचा वाटतो. पुढच्या पायांचे टेकणे एखाद-दुसरी फ्रेम अलीकडे घेतले की तो जिवंत वाटू लागतो. डोके खांद्याबरोबर, पण जरा उशिराने झुकते. शेपटी पुठ्ठ्याच्या मागून येते आणि तिचे टोक सर्वांत शेवटी वळते.

पायांच्या रचनेत नवशिक्यांची एक चूक हमखास होते. मागच्या पायाचा जो सांधा उलटा दुमडलेला दिसतो, तो गुडघा नसून टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि माणसासारखाच पुढे वाकतो. खांद्याचे पाते छातीच्या सांगाड्याला हाडाने पक्के जोडलेले नसते, स्नायूंनी धरलेले असते. त्यामुळे पुढच्या पायावर भार आला की पाते पाठीच्या रेषेवर उचलले जाते. हे दाखवले नाही तर पुढचे पाय टेबलाच्या पायांसारखे दिसतात.

सर्वांत जास्त वेळ खातो तो पायाचा घसरा. या आवर्तनात प्रत्येक पाय सुमारे २० फ्रेम जमिनीवर आणि १२ फ्रेम हवेत असतो. कुत्रा जागच्या जागी चालवला असेल, तर टेकलेला पंजा त्या २० फ्रेममध्ये समान वेगाने मागे गेला पाहिजे. तो ४० सेंटिमीटर मागे गेला, तर दर फ्रेमला २ सेंटिमीटर. मग जमीनही दर फ्रेमला तितकीच सरकली पाहिजे, म्हणजे एका आवर्तनात ६४ सेंटिमीटर. पंजाचा वेग मध्येच मंदावला की तो बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. पारख सोपी आहे: पंजा टेकेल तिथे जमिनीवर एक खूण करावी आणि फ्रेम एकेक करून पुढे न्याव्यात. पंजा उचलेपर्यंत खुणेवरून हलला नाही, तर हिशेब बरोबर आहे.