कडक भाकरीचा हिशेब

सोलापुरात कडक भाकरी विकायला अनुभवाचा दाखला कुणी मागत नाही. मुलांपायी नोकरी सोडून बरीच वर्षं लोटल्यावर मी पुन्हा काम शोधू लागले, तेव्हा ‘मधली वर्षं काय केलंत?’ हा प्रश्न सगळीकडे आधी यायचा. इथे उद्योगवर्धिनीसारखी संस्था बायकांना शिवणाचं, खाण्याच्या पदार्थांचं काम देते. पण मला सकाळच मोकळी होती, म्हणून शेजारच्या काकूंच्या हाताखाली बसले.

भाकरी मला येत होती, कडक भाकरी येत नव्हती. ज्वारी मालदांडी हवी आणि पीठ ताजं. दळण जुनं झालं की विरी जाते, मग पातळ थापायला गेलं की कडा फाटतात. पिठात कढत पाणी घालून ते चांगलं मळायचं. नेहमीची भाकरी फुगली की झालं. इथे खरं काम त्यानंतर सुरू होतं. भाजलेली भाकरी मंद आचेवर सावकाश वाळवायची. आच वाढवली तर कडा करपतात आणि मध्ये ओल राहते. “मधून मोडून बघ,” काकू म्हणायच्या. कट्‌कन मोडली तर झाली, वाकली तर परत तव्यावर. कोमट असतानाच पिशवीत भरली तर आतून वाफ धरते आणि काही दिवसांत बुरशी येते.

मला जास्त शिकवलं ते वहीने. किलोभर पिठाच्या पंधरा भाकरी होतात, दोन मोडतात. पीठ, गॅस, पिशव्या मिळून नव्वद रुपये धरा. दहा रुपयांना एक विकली तर तेरा भाकरींचे एकशे तीस येतात, हातात चाळीस उरतात. वेळ गेला दोन तास, म्हणजे तासाला वीस रुपये! ‘घरबसल्या चार पैसे’ म्हणणारे हा भागाकार करत नाहीत. पंधरा रुपये लावले की तासाला पन्नासच्या वर पडतात. आणि दोन किलो एकदम केलं तर एकीकडे भाकऱ्या वाळतात, दुसरीकडे थापणं चालू राहतं. चारऐवजी तीन तासांत उरकतं आणि तासाचे सत्तर होतात. मोडलेल्या भाकऱ्यांचा काला घरीच संपतो.

दुकानात ठेवायचं तर पाकिटावर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक आणि बनवल्याची तारीख लागते. ती तारीख मी वहीतही लिहिते, म्हणजे तक्रार आली तर कोणत्या दळणाची ते कळतं.

दुकानदाराने माझं मागचं काहीच विचारलं नाही. “दर गुरुवारी मिळणार का?” एवढंच विचारलं. सणासुदीला घरात पाहुणे असतात, तेव्हा खंड पडणार हे ठाऊक होतं, म्हणून दोन किलोच्याच भाकऱ्या कबूल केल्या. जास्त हव्या तर आठवडाभर आधी सांगा, म्हटलं. आणि उधारी पुढच्या गुरुवारपर्यंतच.