शिवराईवरची अक्षरे आणि चिमट्याचे भिंग

आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरी एका पितळी डबीत पाच शिवराया जपून ठेवलेल्या आहेत. गतवर्षी, नागपूरला नाणकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने त्यांची छायाचित्रे मागितली, तेव्हा मी त्या खिडकीपाशी मांडून मोबाइलने टिपल्या आणि तिला पाठवून दिल्या. तिचा निरोप तासाभरातच आला, “मामा, नाणं दिसतंय, पण त्यावरचं ‘शिव’ वाचता येत नाही. थोडं जवळून काढ ना.” जवळून काढावे तर चित्र अस्पष्ट होई आणि लांबून काढावे तर अक्षरे मुंगीएवढी येत. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायची जी भिंगे बाजारात दोनतीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात, ती घेण्याजोगी आहेत की नाहीत, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला.

अडचण कोठे आहे ती प्रथम पाहू. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला एका ठराविक अंतराच्या आतली वस्तू स्पष्ट दिसत नाही. माझ्या जुन्या मोबाइलमध्ये ही मर्यादा सुमारे १० सेंटिमीटर आहे आणि तेवढ्या अंतरावरून चित्राच्या रुंदीत सुमारे १४ सेंटिमीटरचा पट्टा मावतो. शिवराईचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर; म्हणजे नाण्याच्या वाट्याला चित्राचा जेमतेम सातवा हिस्सा येतो. चित्राची रुंदी ४,००० बिंदूंची धरली तर नाण्याला पावणेसहाशेच्या आसपास बिंदू मिळतात आणि त्यांतही झिजलेल्या अक्षराची एकेक रेघ चारदोन बिंदूंत आटोपते. पडद्यावर बोटांनी चित्र ताणले म्हणजे तेच बिंदू मोठे होतात, नवा तपशील त्यात येत नाही.

येथे चिमट्याचे भिंग खरोखरीच कामास येते आणि त्याचे कारण साधे आहे. ते मूलतः एक बहिर्वक्र भिंग असते आणि जवळच्या वस्तूचे किरण ते असे वळवते की मोबाइलला ती वस्तू दूर असल्याप्रमाणे स्पष्ट टिपता येते. त्यावर ‘१०एक्स’ असे छापलेले असते. त्या आकड्याने २५ सेंटिमीटरला भागले की वस्तू भिंगापासून सुमारे किती अंतरावर धरायची ते कळते. १०एक्सचे भिंग असेल तर हे अंतर अडीच सेंटिमीटर होते. तेवढ्या अंतरावरून माझ्या मोबाइलला साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेरचा पट्टा दिसतो आणि त्याच नाण्याला सव्वादोन हजारांहून अधिक बिंदू मिळतात. चौपट तपशिलाची ही वाढ खरी आहे. मोबाइलमधल्या कोणत्याही फेरफाराने ती साधत नाही. २०एक्सचे भिंग अधिक प्रबळ म्हणून घेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यात वस्तू सव्वा सेंटिमीटरवर धरावी लागते, मोबाइलची सावली तिच्यावर पडते आणि प्रकाश शिरायला वाटच उरत नाही.

एवढ्यावरून कोणतेही भिंग चालेल असे मात्र नाही. मी प्रथम घेतलेल्या स्वस्त भिंगातून ‘श्री’ अगदी रेखीव आला, परंतु नाण्याच्या कडेने फिरणारी ठिपक्यांची माळ धुरकट झाली आणि काळ्या रेघांच्या एका अंगाला जांभळी, दुसऱ्या अंगाला हिरवट झालर उमटली. एकाच काचेच्या भिंगाचे स्पष्टतेचे क्षेत्र सपाट नसून वाटीसारखे वक्र असते, त्यामुळे सपाट वस्तूचा मध्य साधला की कडा सुटते. आणि निरनिराळे रंग ते निरनिराळ्या अंतरांवर एकत्र आणते, म्हणून ती झालर दिसते. दोन किंवा अधिक काचा जोडून केलेल्या भिंगात हे दोन्ही दोष पुष्कळ कमी होतात. फूल किंवा कीटक टिपणाऱ्याला कडेचा हा दोष जाणवतही नाही, कारण तेथे पार्श्वभूमी अस्पष्टच हवी असते. परंतु नाणी, टपाल तिकिटे किंवा जुन्या दस्तऐवजांवरील मजकूर टिपायचा असेल, तर जोडकाचेच्या भिंगासाठी चार पैसे अधिक मोजणे रास्त आहे.

परीक्षेची तजवीज घरच्या घरी होते. वर्तमानपत्राचा बारीक मजकुराचा तुकडा पुठ्ठ्यावर सपाट चिकटवावा, मोबाइल त्याला समांतर धरावा आणि चित्र काढून मधली व चारी कोपऱ्यांतली अक्षरे ताडून पाहावी. चारही कोपरे सारखेच धूसर असतील तर दोष भिंगाचा. एकच बाजू धूसर असेल तर बहुधा चिमटा तिरका बसला आहे, आणि पुष्कळदा त्याचे मूळ मोबाइलच्या जाड कव्हरात असते. ते काढून पुन्हा पाहावे.

याच तुकड्यावर मी ‘झूम’ आणि ‘वाइड’ या नावांनी विकली जाणारी भिंगेही पारखली आणि माझा कौल त्यांच्या विरुद्ध आहे. दुप्पट दाखवणारे झूम-भिंग म्हणजे पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र काचेची एक लहानशी दुर्बीणच. तिचा आणि मोबाइलच्या भिंगाचा अक्ष तंतोतंत जुळला नाही तर ती बिघाडच करते. त्या भिंगाविना काढलेले चित्र मधोमध कापून दुप्पट केले, तेव्हा झूम-भिंगाच्या चित्राशी तुलना करता मधोमध तफावत फारशी नव्हती आणि कोपऱ्यांत तर कापलेलेच चित्र सरस होते. वाइडचे काम करणारा निराळा कॅमेरा आता पुष्कळ मोबाइलांत मुळातच असतो.

नवा, अनेक कॅमेऱ्यांचा मोबाइल बाळगणाऱ्यांनी मॅक्रो-भिंगाचा खर्चही आधी तपासून करावा. २०२१ च्या आयफोन १३ प्रो पासून काही महाग मोबाइलांचा वाइड कॅमेरा २ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट पाहू शकतो. अशा मोबाइलवर बाहेरच्या भिंगाचा लाभ थोडाच. शिवाय वस्तू जवळ आली की तो मोबाइल आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळतो आणि चिमटा ज्या कॅमेऱ्यावर बसवला आहे त्यातून चित्र निघतच नाही. चिमट्याच्या भिंगावर बोट ठेवावे. पडद्यावर अंधार झाला नाही तर हाच प्रकार घडतो आहे असे समजावे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधले Macro Control चालू करावे आणि वस्तू जवळ आल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे फुलाचे चिन्ह दाबून बंद करावे, म्हणजे ही अदलाबदल थांबते.

आणखी एका वस्तूचा उल्लेख करतो. चमक घालवणारी, चौकटीत फिरणारी ध्रुवणकारी काच पाण्यावरचे व पानांवरचे परावर्तन खरोखर कमी करते. काचेच्या चौकटीतल्या आजोबांच्या छायाचित्रावरची खिडकीची तिरीप तिने जवळजवळ नाहीशी केली. त्यासाठी काचेच्या पृष्ठभागाशी सुमारे ३५ अंशांच्या कोनातून तिरके पाहावे लागले. तांब्याच्या शिवराईवर मात्र तिचा काही उपयोग झाला नाही, कारण धातूवरून परतलेला प्रकाश तसा ध्रुवित होत नाही.

शिवराईचे काम अखेर असे पार पडले. जोडकाचेचे १०एक्स भिंग बसवले, मोबाइल दोन ग्रंथांच्या चळतींवर आडवा ठेवला, खाली नाणे अडीच सेंटिमीटरवर येईल अशी उंची कागदांच्या घड्यांनी साधली आणि प्रकाश केवळ डाव्या खिडकीतून, नाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून येईल असा घेतला, कारण झिजलेल्या अक्षराचा उठाव तिरप्या सावलीनेच दिसतो. एवढ्या जवळून स्पष्टतेची खोली एका मिलिमीटरहूनही कमी असते आणि बोटाच्या स्पर्शाने ती निसटते, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावला. त्याच नाण्याची कागदाची एकेक घडी कमी करत पाच चित्रे घेतली आणि त्यांतले उत्तम निवडले. एका बाजूस ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र / पति’ असा मजकूर चार नाण्यांवर स्वच्छ वाचता आला. पाचव्यावर ‘पति’तला ‘ति’ अर्धाच आला. भाचीने कळवले, “तो फोटोत गेला नाही, मामा. ठसा मारतानाच नाणं सरकलं असणार, तेवढं अक्षर मुळात उमटलंच नाही.”