सपाटीला शून्य, कोपऱ्याला किंमत

स्कॅनरमधून आलेलं त्रिमितीय मॉडेल म्हणजे लाखो त्रिकोणांची जाळी. स्टॅनफर्डमध्ये १९९४ साली स्कॅन झालेला मातीचा ससा ६९,४५१ त्रिकोणांचा होता. त्याच विद्यापीठाच्या चमूने पुढे मायकेलअँजेलोचा डेव्हिड स्कॅन केला, तेव्हा त्रिकोण दोन अब्जांच्या घरात गेले. एवढी जाळी गेममध्ये किंवा मोबाइलवर चालत नाही. त्रिकोण कमी करावेच लागतात आणि त्या कामाला डेसिमेशन म्हणतात. पण कोणते त्रिकोण काढायचे? नाकाचा शेंडा कुठला आणि गुळगुळीत गाल कुठला, हे यंत्राला कसं कळणार?

मायकेल गार्लंड आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९७ साली याचं जे उत्तर दिलं, त्याच्या साधेपणाने मी आजही थक्क होतो. जाळीतली एक कड निवडायची आणि तिची दोन टोकं एका बिंदूत मिटवायची. एका मिटवणुकीत एक शिरोबिंदू आणि सहसा दोन त्रिकोण जातात. आधी कुठली कड मिटवायची हे ठरतं एका आकड्यावर. प्रत्येक शिरोबिंदूला आपल्याभोवतीच्या त्रिकोणांची प्रतलं ठाऊक असतात. तो हलला, तर त्या प्रत्येक प्रतलापासून किती दूर गेला ते मोजायचं, अंतराचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. ही झाली त्या हालचालीची किंमत. सगळ्यात स्वस्त कड आधी जाते.

एक ठोकळा घेऊन पाहू. प्रत्येक बाजूवर १०० गुणिले १०० चौकटी, चौकटीत दोन त्रिकोण. एकूण १,२०,००० त्रिकोण आणि ६०,००२ शिरोबिंदू. सपाट बाजूच्या मधला बिंदू त्या प्रतलात कुठेही सरकला तरी प्रतलापासून दूर जात नाही, म्हणून किंमत शून्य. दोन बाजू जिथे मिळतात त्या धारेवरचा बिंदू धारेच्या रेषेतच फुकट सरकू शकतो. धार सोडून एक मिलिमीटर एका बाजूवर उतरला, की दुसऱ्या बाजूच्या प्रतलापासून तो तेवढाच दूर जातो आणि दंड बसतो. कोपऱ्यावर तीन प्रतलं भेटतात, त्यामुळे तिथला बिंदू कुठेही हलला तरी दंड ठरलेलाच. म्हणजे ५९,९९४ मिटवणुकींनंतर उरतात फक्त ८ कोपरे आणि १२ त्रिकोण, आणि आकारात तसूभरही फरक नाही. धार म्हणजे काय, हे या पद्धतीला कुणी सांगितलेलंच नाही! तरी ती धार जपते. फक्त एक पहारा लागतो. किंमत शून्य असूनही एखादा त्रिकोण उलटा पडून शेजाऱ्यावर दुमडू शकतो, म्हणून त्याची दिशा पालटत असेल तर ती मिटवणूक नाकारायची.

खऱ्या स्कॅनमध्ये सपाट भाग कधीच पूर्ण सपाट नसतो, त्यावर स्कॅनरची थरथर असते. इथे वर्ग कामी येतो: ०.१ मिलिमीटरच्या थरथरीची किंमत १ मिलिमीटरच्या चुकीच्या किमतीचा शंभरावा हिस्सा. थरथर आधी पुसली जाते, धार टिकते. मात्र स्कॅनरनेच धार बोथट टिपली असेल, तर ती डेसिमेशनने परत येत नाही.

आता त्याच ठोकळ्यावर चित्र चढवू. पृष्ठभाग कापून चित्राच्या कागदावर सपाट पसरलेला असतो. जिथे कापलं ती यूव्ही शिवण. शिवणीवरच्या बिंदूला जागा एक, पण कागदावर पत्ते दोन: डाव्या तुकड्यातला एक, उजव्यातला दुसरा. शिवण सपाट बाजूच्या मधून जात असेल, तर वरच्या हिशेबाला ती दिसतच नाही. तो बिंदू डावीकडच्या आतल्या बिंदूत मिटवला, तर उजव्या त्रिकोणांच्या हाती डाव्या तुकड्याचा पत्ता येतो आणि कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं चित्र त्या एका त्रिकोणात ओढलं जातं.

यावरचा उपाय मला धारेच्या हिशेबाइतकाच सुंदर वाटतो. शिवणीच्या प्रत्येक कडेवर पृष्ठभागाला काटकोनात एक काल्पनिक प्रतल उभं करायचं आणि त्याला जबर वजन द्यायचं. हिशेबाच्या दृष्टीने सपाट जागी आता एक धार तयार होते, आणि बिंदू फक्त शिवणीच्या रेषेत सरकतो. शिवणीवरची कड मिटवताना दोन्ही पत्ते एकदम बदलायचे आणि जिथे तीन-चार शिवणी भेटतात तो बिंदू हलवायचाच नाही. तरी एक अडचण उरते. ठोकळ्यावर सरळ दिसणारी शिवण कागदावर वाकडी असू शकते. म्हणून त्याच दोघांनी १९९८ साली जागेचे तीन आणि चित्राचे दोन असे पाच आकडे एकाच हिशेबात घेतले. आता चित्र ताणलं गेलं तरी दंड बसतो.

काम नीट झालं का, हे बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र चढवून लगेच कळतं. चौकटी ताणल्या किंवा शिवणीपाशी तुटल्या, तर वजन कमी पडलं. MeshLab मध्ये मूळ आणि कमी केलेल्या जाळीमधलं हाउसडॉर्फ अंतर मोजता येतं, पण ते फक्त आकाराची चूक सांगतं. शिवण फाटलेली असली तरी हा आकडा छान येऊ शकतो.

फोटोंवरून आपोआप बनलेल्या स्कॅनमध्ये यूव्हीचे शेकडो बारीक तुकडे असतात. तिथे जवळपास सगळीकडेच शिवण असते, त्यामुळे ती जपायला गेलं तर जाळी फारशी कमी होतच नाही. अशा वेळी मी शिवणी सोडून देतो. आधी आकार पाहून डेसिमेशन, मग उरलेल्या जाळीवर मोजक्या नव्या शिवणी, आणि शेवटी मूळ दाट मॉडेलवरून रंग व नॉर्मल मॅप नव्या कागदावर बेक करायचे.