विंग काढायची ती उघड्या डोळ्यावर

‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ (१९६७) मधल्या शर्मिला टागोर यांचे फोटो पाहिले, की नजर आधी डोळ्यांकडे जाते. वरच्या पापणीच्या कडेने निघालेली काळी रेघ डोळ्याच्या कोपऱ्याशी थांबत नाही, ती कानशिलाच्या दिशेने वर चढते. साठच्या दशकातल्या हिंदी पडद्यावर ही रेघ सर्रास दिसायची. आता तिला ‘विंग’ म्हणतात, आणि लग्नसराईच्या तोंडावर घराघरांतल्या आरशांसमोर तिच्यापायी चिडचिड होते.

बहुतेक जणींची पहिली विंग एकाच तऱ्हेने बिघडते. डोळा मिटायचा, एका बोटाने कोपरा कानाकडे ताणायचा आणि दुसऱ्या हाताने झरकन रेघ ओढायची. ताणलेल्या कातडीवर रेघ सुरेख येते. बोट काढून डोळा उघडला, की तीच रेघ मधूनच मोडलेली, आखूड किंवा खाली झुकलेली दिसते. हात थरथरला, असा निष्कर्ष मग निघतो. हाताचा दोष त्यात थोडाच असतो. पापणीची कातडी अतिशय पातळ असते, ताण सुटताच ती मागे सरकते आणि डोळा उघडला की तिची घडी पडते. रेघेचा काही भाग त्या घडीत जातो.

म्हणून विंग कुठे जाणार हे ठरवताना डोळा उघडा हवा, नजर समोर हवी आणि भुवया सैल हव्यात. आरशात बघताना नकळत भुवया उंचावल्या जातात. तशा उंचावलेल्या भुवयांनी आखलेली विंग दिवसभर वाकडी दिसते.

थरथरीचा बंदोबस्त सोपा आहे. उभ्याने, हवेत हात धरून लायनर लावूच नये. टेबलाशी बसून कोपर टेबलावर टेकवावं आणि करंगळी गालाच्या हाडावर ठेवावी. हाताला असे दोन आधार मिळाले, की हलायला फक्त बोटंच उरतात. पापणीवर रंग भरताना आरसा हनुवटीच्या खाली, थोडा तिरपा ठेवावा. खाली पाहिलं की पापणी न ताणताच सपाट होते आणि डोळा अर्धवट उघडा राहतो. आरसा जवळ घ्यावा, नाहीतर मान पुढे जाते आणि कोपर उचललं जातं.

एका दमात रेघ ओढण्याचा हट्टही सोडावा. ठिपक्यांची रांगोळी काढतात तसं आधी ठिपके द्यावेत आणि मग जोडावेत. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी लगतलगत छोट्या रेघोट्या मारत गेलं, की त्यांची आपोआप एक रेघ होते. एखादी रेघोटी चुकली तर तेवढीच पुसता येते.

पहिल्याच दिवशी काळं लिक्विड लायनर हातात घेणं म्हणजे स्वतःची परीक्षा पाहणं. ते पटकन वाळतं आणि चूक झाकू देत नाही. त्याऐवजी तिरप्या कापाचा बारीक ब्रश आणि गडद तपकिरी आयशॅडो घ्यावी. रंग फिका असल्याने वाकडेपणा डोळ्यांत भरत नाही, आणि चुकलेलं बोटाच्या टोकाने पसरवून टाकता येतं. आकार मनासारखा जमला, की त्याच्यावरूनच काळं लायनर फिरवावं. पुढची पायरी पेनासारख्या टोकाच्या लायनरची. बाटलीतलं, लवचिक ब्रशचं लायनर सगळ्यात शेवटी.

आता विंगची दिशा. खालच्या पापणीची कड बाहेरच्या कोपऱ्याकडे जाताना हळूहळू वर वळते. तीच कड तशीच पुढे, भुवईच्या शेपटीच्या रोखाने वाढवली, तर विंगचा कोन मिळतो. कोपऱ्यापासून साधारण पाच मिलिमीटरवर टोकाचा ठिपका द्यावा. नवशिकीला एवढी लांबी पुरे. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळण्याची घाई नको. दोन्ही डोळ्यांचे ठिपके आधी द्यावेत, आरशापासून हातभर मागे सरावं आणि दोन्ही एका उंचीवर दिसतात का ते बघावं. कुणाचेच दोन डोळे हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे बोटाने मोजलेल्या अंतरापेक्षा नजरेला दिसणारी उंची खरी मानावी.

डोळ्याच्या ठेवणीप्रमाणे यात फरक करावा लागतो, आणि सगळ्यात जास्त अडतं ते झाकलेल्या पापणीशी. समोर पाहताना भुवईखालची कातडी पापणीवर उतरते आणि बाहेरच्या कोपऱ्याशी पापणी दिसेनाशी होते. अनेकींची ठेवण जन्मतःच अशी असते, वयानुसार इतरांचीही होते. अशा डोळ्यावर नेहमीची विंग घडीत शिरते.

समजा, एखादीची उजवी पापणी अशी आहे. तिने डोळा उघडा ठेवून ठिपका द्यावा आणि कोपऱ्यापासून ठिपक्यापर्यंत, घडीवरूनच, सरळ रेघ न्यावी. ही विंगची खालची कड. मग टोकापासून परत आत, जवळजवळ आडवी, दुसरी रेघ घडीवरूनच पापणीच्या केसांपर्यंत आणावी. डोळा अजून उघडाच. आता हळूच मिटून पाहावं. घडीत लपलेल्या जागी रंग नसतो, तिथे एक खाच दिसते. तेवढी खाच भरायची, आकार गोल करायला जायचं नाही. मिटलेल्या डोळ्यावर ही विंग पायरीसारखी, थोडी विचित्रच दिसते. डोळा उघडला की मात्र ती सरळ दिसते. वटवाघळाच्या पंखासारख्या या आकाराला ‘बॅटविंग’ असं नाव आहे. अशा पापणीवर बाकीची रेघ केसासारखी बारीक ठेवावी. जाड रेघ दिसणारी उरलीसुरली पापणीही खाऊन टाकते. सेलोटेप लावून कड आखण्याची युक्तीही इथे लागू पडत नाही, कारण टेप घडीवर सपाट बसत नाही.

घडीच नसलेल्या, सपाट पापणीवर उलट थोडी जाड रेघ लागते. बारीक रेघ डोळा उघडताच आत गडप होते. किती जाड, हे डोळा उघडा ठेवूनच ठरवावं.

बाहेरचा कोपरा खाली झुकलेला असेल, तर रेघ कोपऱ्यापर्यंत नेऊ नये. दोन-तीन मिलिमीटर आधीच ती पापणीवरून उचलून वर न्यावी, आणि खालच्या पापणीला काजळ लावायचा मोह आवरावा. गोल डोळ्यांना रेघ मध्यापासून बाहेरच्या बाजूला जाड करत नेली आणि विंग थोडी आडवी ठेवली, की डोळे लांबट दिसतात. जवळजवळ असलेल्या डोळ्यांत नाकाकडचा कोपरा मोकळा सोडावा.

रेघ झाल्यावर अर्धा मिनिट खाली पाहत राहावं. घाईने वर पाहिलं, की ओलं लायनर वरच्या घडीला छाप सोडतं. वाळल्यावरही तासा-दोन तासांनी छाप उठत असेल, तर पापणीवरचं तेल त्याला कारण असतं, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे हमखास होतं. लायनरआधी पापणी कोरडी पुसून पावडरचा अगदी हलका हात फिरवावा. चुकलेली कड टोकदार कॉटन बडला मिसेलर वॉटर लावून विंगच्या खालून वर पुसावी, म्हणजे कड धारदारही होते. याच कामी खोबरेल तेल वापरलं तर त्यावर दुसरी रेघ धरत नाही. ते रात्री मेकअप उतरवायला ठेवावं.

लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी आणि मग लायनर लावावं. डोळे आले असतील तर तेव्हा वापरलेलं लायनर टाकून द्यावं. एरवीही लिक्विड लायनर उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत बदलावं, आणि ते मैत्रिणीला, बहिणीलासुद्धा वापरायला देऊ नये.