पिंग स्वच्छ, तरी तक्रार कायम

शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाची फाइल झटकन अपलोड होते, दुसऱ्याची अर्ध्यावर अडकते. थोड्या वेळाने त्याचीही नीट जाते. इंजिनिअर सर्व्हरला पिंग करतो, तर एकही पॅकेट हरवत नाही. अशा ये-जा करणाऱ्या बिघाडाचा माग दिवसपाळीत लागला नाही, तर रात्रपाळीची सारी भिस्त हँडओव्हर नोटवर असते.

दोन इमारतींना जोडणाऱ्या 10 गिगाबिटच्या दोन फायबर लिंकचं उदाहरण घेऊ. स्विचच्या दृष्टीने दोन्ही मिळून एकच बंडल असतं. कोणतं कनेक्शन कोणत्या लिंकवरून न्यायचं, हे स्विच पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवरून ठरवतो आणि सहसा ते कनेक्शन शेवटपर्यंत त्याच लिंकवर राहतं. म्हणून एक लिंक नासली की काहींनाच त्रास होतो. पिंग चांगल्या लिंकवरून गेला, तर हजारदा करूनही दोष दिसत नाही.

त्यामुळे चांगल्या नोटमध्ये ‘पिंग ठीक’ एवढ्यावर भागत नाही. दोन्ही लिंकचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात: ‘14:10 ला काउंटर शून्य केले. 18:30 पर्यंत पहिल्या लिंकवर सीआरसी एरर 0, दुसरीवर 2,316. काउंटर पुन्हा शून्य करू नका.’ सीआरसी एरर म्हणजे वाटेत बिघडलेली फ्रेम. ती घेणाऱ्या टोकाला मोजली जाते, त्यामुळे दोष त्या दिशेच्या वाटेवर किंवा तिच्या दोन टोकांना असतो.

पुढे केलेल्या गोष्टी क्रमाने येतात. आधी कनेक्टर पुसला, एरर चालूच. मग घेणाऱ्या बाजूचा एसएफपी, म्हणजे प्रकाशाचे सिग्नल पाठवणारं-घेणारं छोटं मॉड्यूल, बदलला, फरक नाही. मग पॅचकॉर्ड, तरीही तेच. प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबून आकडा पाहिला. तिन्ही एकदम बदलले असते आणि एरर थांबले असते, तर दोष कशात होता हे कळलं नसतं.

नोटमधली सर्वांत मोलाची नोंद प्रकाशाच्या पातळीची. येणारा प्रकाश एरवी उणे 6 डीबीएम, पण एरर वाढताना उणे 15, म्हणजे आठव्या हिश्शावर. या जातीच्या मॉड्यूलला साधारण उणे 14.4 तरी लागतो. पलीकडचं मॉड्यूल मात्र एकसारखाच प्रकाश सोडतंय. त्यामुळे संशय मधल्या फायबरवर किंवा त्याच्या सांध्यावर जातो.

दुसरी लिंक बंद करून पाहणं उरलं होतं. दिवसा सगळा भार एका लिंकवर मावत नाही, म्हणून ते रात्रीसाठी ठेवलं. नोटमध्ये आज्ञाही दिलेली असते:

```
interface Te1/1/2
 shutdown
```

खाली सूचना: ‘बॅकअप 1 वाजता सुरू होतो, त्याआधी करा. लिंक बंद असताना तक्रारी थांबल्या तर फायबरची मोकळी जोडी वापरून पुन्हा सुरू करा आणि काउंटर पाहा. पहिली लिंक 90 टक्क्यांवर गेली तर लगेच `no shutdown`. मोकळ्या जोडीवरही एरर आले तर फायबरवाल्या टीमला कळवा.’