पैसे कापले, पण ऑर्डर कुठाय?

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की नागपुरातल्या बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात एकच आयडिया येते. पुण्या-मुंबईतल्या लोकांना नागपुरी संत्री घरपोच द्यायची. कळमना मार्केटातून माल उचलायचा, पेट्या भरायच्या, कुरिअरला द्यायच्या. इन्स्टाग्रामवर पेज होतं, वेबसाइट होते, फोटोही झकास येतात. मग वेबसाइटवर ‘पे नाऊ’चं बटण लावायची वेळ येते आणि गाडी अडते. पेमेंट गेटवे कोणता घ्यायचा? बहुतेक जण मित्राला विचारतात, तो म्हणतो, “सगळे सारखेच, दोन टक्के.” विषय संपला.

पण सगळे सारखे नसतात. फरक तीन ठिकाणी पडतो: शुल्क, पैसे हातात यायला लागणारा वेळ आणि पेमेंट अर्ध्यात अडकलं तर काय होतं. संत्र्याच्या पेटीवरच हिशोब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

दोन टक्के कशाचे?

समजा, एक पेटी तुम्ही कुरिअरसकट ८०० रुपयांना विकता. संत्री, खोका आणि कुरिअर मिळून ७०० रुपये खर्च होतो. हातात उरतात १०० रुपये.

गेटवे दोन टक्के घेतो, म्हणजे १६ रुपये. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो २ रुपये ८८ पैसे. एकूण कापले गेले १८ रुपये ८८ पैसे, खात्यात आले ७८१ रुपये १२ पैसे. ८०० च्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटते, पण तुमची खरी कमाई १०० रुपये आहे. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. म्हणून शुल्क मोजताना विक्रीच्या किमतीशी नाही, नफ्याशी ताडून बघा. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर ते २ रुपये ८८ पैसे परत मिळवायचा मार्गही नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो. यूपीआय तर फुकट आहे ना? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवरचा एमडीआर, म्हणजे बँकांच्या बाजूने दुकानदाराकडून घेतला जाणारा आकार, शून्य आहे. हे खरं आहे. पण गेटवे त्याच्या सॉफ्टवेअरचे, ऑर्डर आणि पेमेंट जुळवून देण्याचे, रिफंडच्या सोयीचे पैसे घेतो. तो आकार वेगळा. म्हणून गेटवेच्या माणसाला एकच दर विचारू नका. यूपीआयला किती, डेबिट कार्डाला किती, क्रेडिट कार्डाला आणि ईएमआयला किती, असं वेगवेगळं विचारा. तुमचं गिऱ्हाईक बहुतेक यूपीआयनेच पैसे देणार असेल, तर तुमच्यासाठी तोच दर महत्त्वाचा. बाकीच्यांनी फार डोकं खायचं कारण नाही.

दुसरा खर्च वार्षिक शुल्काचा. समजा, ‘अ’ गेटवे २ टक्के घेतो आणि वर्षाला काही नाही. ‘ब’ गेटवे १.७५ टक्के घेतो, पण वर्षाला २,४०० रुपये. ‘ब’ स्वस्त वाटतो ना? फरक पाव टक्क्याचा. पाव टक्क्यातून २,४०० रुपये वसूल व्हायला वर्षाला ९ लाख ६० हजारांची विक्री लागते. म्हणजे १,२०० पेट्या. हंगाम दोन-तीन महिन्यांचा असेल तर रोज किती पेट्या जायला हव्यात ते बघा आणि मग ठरवा.

आणि एक गोष्ट सहसा छोट्या अक्षरात असते. रिफंड दिला तर गेटवेचं शुल्क परत मिळतं का? बहुतेक ठिकाणी मिळत नाही. गिऱ्हाइकाला पूर्ण ८०० द्यायचे आणि १८ रुपये ८८ पैसे आपल्या खिशातून.

शुक्रवारचे पैसे मंगळवारी

नवीन दुकान शुल्कामुळे फारसं बुडत नाही. हातात रोकड नसल्यामुळे अडकतं. गिऱ्हाइकाने आज दिलेले पैसे आजच तुमच्या खात्यात येत नाहीत. ते आधी बँकेतल्या एस्क्रो खात्यात जातात आणि तिथून ठरलेल्या दिवशी तुमच्याकडे येतात. याला सेटलमेंट म्हणतात. ‘टी+२’ असं लिहिलेलं दिसेल. टी म्हणजे पेमेंटचा दिवस आणि त्यानंतरचे दोन कामाचे दिवस. ‘कामाचे’ हा शब्द नीट वाचा.

रोज १० पेट्या जातात असं धरू. रोज खर्च ७,००० रुपये, आणि कळमन्यात उधारी चालत नाही असंही धरू. शनिवार महिन्यातला चौथा आहे, म्हणजे बँका बंद. रविवार तर बंदच. आता शुक्रवारचं पेमेंट बघा: सोमवार पहिला कामाचा दिवस, मंगळवार दुसरा. शनिवार-रविवारच्या पेमेंटचंही तेच. तिन्ही दिवसांचे पैसे मंगळवारी येणार. मंगळवारी सकाळी तुम्ही मार्केटात उभे आहात तेव्हा शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार अशा चार दिवसांचा खर्च, २८,००० रुपये, बाहेर अडकलेला आहे. आजचा माल घ्यायला वेगळे ७,००० हवेत. म्हणजे दुकान फक्त चालू ठेवायलाच ३५,००० रुपये जवळ लागतात. त्यात सोमवारी सुट्टी आली तर आणखी एक दिवस पुढे.

‘टी+१’ असतं तर तिन्ही दिवसांचे पैसे सोमवारी आले असते आणि २८,००० मध्ये काम भागलं असतं. ७,००० रुपयांचा फरक. काही गेटवे जास्तीचं शुल्क घेऊन त्याच दिवशीही पैसे देतात. ती सोय रोज वापरली तर नफा खाऊन टाकते, पण लाँग वीकेंडच्या आधी एकदा वापरायला बरी. म्हणून विचारायचा प्रश्न असा: ही सोय हवी तेव्हाच घेता येते, की कायमची चालू करावी लागते?

पहिल्या सेटलमेंटबद्दल मात्र सावध राहा. नव्या दुकानाचे पहिले पैसे केवायसी पूर्ण होईपर्यंत रोखले जातात. पॅन, बँक खातं, धंद्याचा पुरावा, वेबसाइटवर रिफंड आणि डिलिव्हरीचे नियम, संपर्काचा पत्ता यातलं एक जरी कमी असलं तरी फाइल परत येते. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी अर्ज करा. संत्री थांबत नाहीत.

गेटवे निवडायच्या आधी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अधिकृत पेमेंट अ‍ॅग्रीगेटरच्या यादीत त्याचं नाव आहे का, हेही बघा. डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्रीसारख्या मोठ्या कंपन्यांनाही नवीन दुकानदार घेणं थांबवायला सांगितलं गेलं होतं. अंतिम परवाना मिळून ते पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला.

अर्ध्यात अडकलेलं पेमेंट

आता तिसरी आणि सगळ्यात कमी विचारली जाणारी गोष्ट. पेमेंट दोन प्रकारे फसतं. पिन चुकला, खात्यात पैसे नव्हते, तर ते सरळ फेल. गिऱ्हाईक पुन्हा प्रयत्न करतं, कोणाचं नुकसान नाही. डोकेदुखी दुसऱ्या प्रकाराची असते: गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले, पण तुमच्या वेबसाइटवर ऑर्डरच दिसत नाही.

असं होतं कसं? गिऱ्हाईक तुमच्या वेबसाइटवरून यूपीआय अ‍ॅपमध्ये जातं, पिन टाकतं आणि परत ब्राउझरवर यायच्या आतच फोन आला म्हणून अ‍ॅप बंद करतं. किंवा नेट जातं. पैसे गेले, पण ‘पेमेंट झालं’ असं तुमच्या वेबसाइटला सांगणारं पान उघडलंच नाही. तुमची वेबसाइट फक्त त्या पानाच्या भरवशावर असेल, तर ही ऑर्डर हरवली.

यावरचा उपाय म्हणजे वेबहुक. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, गिऱ्हाइकाचा फोन चालू असो की बंद. उदाहरणार्थ, रेझरपेमध्ये पैसे जमा झाले की `payment.captured` आणि फसले की `payment.failed` असा निरोप येतो. तो लावताना तीन गोष्टी सांभाळा. निरोपाची सही तपासा, नाहीतर कोणीही खोटा निरोप पाठवून फुकट पेटी नेईल. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंटचा आयडी आधीच नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा पेटी पाठवू नका. आणि निरोप आलाच नाही तर ऑर्डर लगेच रद्द करू नका. ती ‘बाकी’ म्हणून ठेवा आणि थोड्या वेळाने गेटवेकडून तिची स्थिती विचारून घ्या. बँकेचा होकार कधीकधी उशिरा येतो.

गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे कापल्याचा स्क्रीनशॉट टाकेल. त्यावर माल पाठवायचा नाही, आणि “तुम्ही खोटं बोलताय” असंही म्हणायचं नाही. त्याच्याकडून व्यवहाराचा नंबर घ्या आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधा. पेमेंट यशस्वी दिसलं, तर पैसे तुमच्याकडे येणार आहेत. पेटी द्या किंवा रिफंड द्या, जबाबदारी तुमची. फेल दिसलं, तर पैसे बँकेकडून आपोआप परत जातात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी व्यवहारानंतर पाच दिवसांची मुदत आहे, आणि त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आलं, तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

एका संध्याकाळची परीक्षा

दोन-तीन गेटवे शॉर्टलिस्ट केलेत? मग जाहिरातीतले ‘सक्सेस रेट’ वाचत बसू नका, ते तुमच्या गिऱ्हाइकांचे नसतात. टेस्ट मोडमध्ये खातं उघडा. तिथे खरे पैसे लागत नाहीत आणि पेमेंट मुद्दाम फेलही करता येतं; रेझरपेमध्ये त्यासाठी `failure@razorpay` असा यूपीआय आयडी टाकतात. पेमेंट यशस्वी करा आणि परतीचं पान उघडायच्या आत ब्राउझर बंद करा. ऑर्डर तरीही नोंदली गेली का? तोच निरोप दोनदा पाठवून बघा. पेट्या दोन झाल्या का? मग शनिवारी रात्री सपोर्टला एक प्रश्न पाठवा आणि उत्तर कधी येतं ते लिहून ठेवा. तुमच्या ऑर्डरी वीकेंडलाच जास्त येणार आहेत.

आणि दिवसाला तीन-चारच पेट्या जात असतील तर? मग सध्या गेटवे नकोच. साधा क्यूआर कोड, व्हॉट्सअ‍ॅप आणि वही पुरते. बँकेचा मेसेज बघून ऑर्डरवर टिक करा. ज्या दिवशी कोणाचे पैसे कोणत्या पेटीचे हे जुळवताना पहिला घोळ होईल, त्या दिवशी त्या १८ रुपये ८८ पैशांत काय विकत मिळतं ते कळेल.